कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचंय, पण ०.१६ वरची रेघ नक्की कुठवर आहे?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरातलं एक गणित अडलंय. पेपर माझा नाही, रूममेटचा. त्याच्या झेरॉक्सचा मी ट्यूबलाइटखाली फोटो काढला आणि पेपर तो घेऊन गावी गेला. आता फोटोशिवाय हातात काही नाही. फोटो जोडलाय, तरी वाचता येईल तसं लिहूनही देतो:

```
( √(५ + २√६) + १/(√३ + √२) ) × √०.३ − ०.१६ × (१/२७)^(−२/३)
```

०.३ च्या डोक्यावर आवर्तीची रेघ आहे, ती स्पष्ट दिसते. ०.१६ वरही रेघ आहे, पण ती नुसत्या ६ वर आहे की १ आणि ६ दोन्हींवर, ते कळत नाही. नेमकी तिथेच ट्यूबची चमक आली आहे. मी नुसत्या ६ वर धरली, कारण १/६ म्हणजे ०.१६६६ हे पाठ आहे.

पर्याय: (अ) १/२ (ब) ६/११ (क) १४/२५ (ड) १०७/५४

पहिला कंस २√३ येतो असं रूममेट म्हणाला होता. कसा, ते त्यालाही सांगता आलं नाही. ते धरून चाललो तर माझं उत्तर −१ येतं, आणि −१ पर्यायांतच नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही. कुठे चुकतंय?

भाजीभाकरी
सोपं आहे रे. आवर्ती दशांशात जितके अंक तितके नऊ खाली. ०.३ चे ३/९ म्हणजे १/३. ०.१६ चे १६/९९. आता (१/२७) चा −२/३ घात म्हणजे ९. तर १६/९९ गुणिले ९ म्हणजे १६/११. आणि २ वजा १६/११ म्हणजे ६/११. पर्याय ब. विषय संपला.

रात्रपाळी
ब च बरोबर असावा मग. ग्रुपवर जी उत्तरसूची फिरते आहे तिच्यातही ब च आहे. पण ९ कसे आले? मी २७ गुणिले २/३ केलं, १८ आले.

झिलई
फोटोचा प्रश्न आहे ना? मग ऐका. ट्यूब बंद करा, दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. मोबाइल बरोबर वर धरा, तिरका नको. फ्लॅश तर अजिबात नको. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर मात्र बारीक रेघा आधीच उडालेल्या असतात, त्या कुठल्याही फोटोत परत येत नाहीत. आमच्या दुकानात रोज बघतो.

सव्वादोन
झिलईशेठ, कागद गावी गेलाय म्हणतोय तो. 😄

झिलई
बरं बरं. मग गावाहून मागवा.

जुना_खडू
रात्रपाळी, तुमची चूक तुम्हीच सांगून टाकलीत. २७ चा २/३ घात आणि २७ गुणिले २/३ या वेगळ्या गोष्टी. घातांकातला खालचा ३ घनमूळ काढायला सांगतो आणि वरचा २ वर्ग करायला. २७ चं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. आधी वर्ग केलात तरी चालतं, पण मग ७२९ चं घनमूळ शोधत बसावं लागेल. म्हणून आधी मूळ, मग घात. आकडे लहान राहतात.

त्याच्याही आधी ऋण चिन्हाचा निकाल लावायचा. ऋण घातांक उत्तराला ऋण करत नाही, पाया उलटा करतो. १/२७ चा −२/३ घात म्हणजे २७ चा +२/३ घात. तुम्ही पाया बरोबर उलटवलात, फक्त पुढे गुणाकार केलात. १८ गुणिले १/६ म्हणजे ३, आणि २ − ३ = −१. असं झालं ना?

भाजीभाकरी, तुमचे ९ बरोबर आहेत. "जितके अंक तितके नऊ" हे मात्र अर्धंच खरं आहे. जेवण करून लिहिते.

रात्रपाळी
हो बाई, अगदी तसंच झालं! (बाईच ना? "लिहिते" वरून म्हणतोय.)

जुना_खडू
बाईच. एकतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं, आता पेन्शन.

तर ते नऊ. नियम पाठ न करता एकदा हाताने करून बघा. रेघ नुसत्या ६ वर आहे असं समजू, म्हणजे क्ष = ०.१६६६…

```
१०क्ष = १.६६६…
१००क्ष = १६.६६६…
वजाबाकी: ९०क्ष = १५
क्ष = १५/९० = १/६
```

दहाने गुणल्यावर बिनरेघेचा १ पॉइंटच्या डावीकडे जातो आणि उजवीकडे नुसते सहा उरतात. शंभराने गुणल्यावरही उजवीकडे तेच सहा. शेपट्या सारख्या झाल्या म्हणून वजाबाकीत उडाल्या. सगळी करामत शेपट्या जुळवण्यात आहे. नियमाच्या भाषेत, रेघेखालच्या प्रत्येक अंकाला छेदात एक ९, पॉइंटनंतरच्या बिनरेघेच्या प्रत्येक अंकाला एक शून्य. अंशात पूर्ण संख्या वजा बिनरेघेचा भाग, म्हणजे १६ − १ = १५.

रेघ दोन्ही अंकांवर असेल तर क्ष = ०.१६१६१६… मग १००क्ष − क्ष = १६, आणि तिथे भाजीभाकरींचे १६/९९ बरोबर. त्यांनी रेघ दोन्हींवर आहे हे गृहीत धरलं, पण तसं म्हटलं नाही.

भाजीभाकरी
म्हटलं नाही कारण मला ती दोन्हींवरच दिसते. फोटो मोठा करून बघा, रेघ १ च्या डोक्यापासून सुरू होते.

सव्वादोन
मला तर १ च्या डोक्यावर झेरॉक्सचा काळा ठिपका दिसतो. रेघ पुढून सुरू होते.

टेम्सकाठी
आमच्या घरी परवाच हे झालं! मुलगा इथे इंग्लंडमध्ये जीसीएसई करतोय, त्याचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो. इथे रेघ नसते, ठिपके असतात. एकच अंक आवर्ती असेल तर त्याच्यावर ठिपका, जास्त असतील तर पहिल्या आणि शेवटच्या अंकावर. म्हणजे ०.१२३ मध्ये १ वर आणि ३ वर ठिपका असेल तर १२३ तिन्ही आवर्ती, मधल्या २ वर काहीच नाही. मी आपली शाळेतली सवय धरून त्याला सांगत होते की २ आवर्ती नाही. माझी चांगली फजिती झाली.

तर सव्वादोन म्हणतात तो काळा ठिपका झेरॉक्सचा नसून खराच असला तर?

सव्वादोन
ताई, मग ६ वरही ठिपकाच हवा. तिथे रेघ आहे. एकाच संख्येत दोन पद्धती कोण वापरेल?

टेम्सकाठी
हो, तेही खरंच. आणि ०.३ वरही रेघच आहे. राहू द्या.

रात्रपाळी
मंडळी, पहिला कंस कोणीतरी सांगा ना. मी √(५ + २√६) चे √५ + √(२√६) असे दोन तुकडे केले आणि पुढे काहीच सुचेना.

भाजीभाकरी
तसे तुकडे होत नाहीत. √(९ + १६) म्हणजे ५, पण ३ + ४ म्हणजे ७.

जुना_खडू
हे अगदी नेमकं. बेरजेवर मूळ वाटून देता येत नाही.

तुकडे करायचे ते वेगळ्या वाटेने. (√३ + √२) चा वर्ग करून बघा: ३ + २ + २√६, म्हणजे ५ + २√६. म्हणून त्याचं वर्गमूळ √३ + √२. हे सुचायचं कसं? करणीच्या आधी २ आहे ना बघायचं, आणि मग अशा दोन संख्या शोधायच्या ज्यांची बेरीज बाहेरचा ५ आणि गुणाकार आतला ६. तीन आणि दोन.

तो आधीचा २ महत्त्वाचा. √(७ + √४८) आलं तर पोरं बेरीज ७, गुणाकार ४८ शोधत बसतात आणि हात टेकतात. आधी √४८ = २√१२ करा. मग बेरीज ७, गुणाकार १२, म्हणजे ४ आणि ३, उत्तर २ + √३.

दुसरं पद १/(√३ + √२). वर-खाली अनुबद्ध करणी √३ − √२ ने गुणा. छेदात ३ − २ = १ उरतो, म्हणून ते पद नुसतं √३ − √२. आता बेरीज करा:

```
(√३ + √२) + (√३ − √२) = २√३
```

पुढे √०.३, आवर्ती. आतली संख्या १/३, म्हणजे मूळ १/√३. २√३ × १/√३ = २. इथे घाईने ०.३३ धरून ३३/१०० केलंत तर √३३/१० येईल आणि ती करणी कशातच मिटणार नाही. आवर्ती दिसला की आधी अपूर्णांक करायचा, मगच मुळाला हात लावायचा.

रात्रपाळी
अहाहा. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. पण एक शंका. फोटोत मुळाची आडवी रेघ ५ च्या पुढे फिकट होत जाते. मूळ नुसत्या ५ वर नाही हे कशावरून?

जुना_खडू
शंका चांगली आहे. आतली बेरीज खरंच पूर्ण वर्ग होते का, ते तपासायची एक परीक्षा आहे. पहिल्या पदाचा वर्ग वजा करणीच्या पदाचा वर्ग. ५ चा वर्ग २५, आणि २√६ चा वर्ग ४ × ६ = २४. फरक १, आणि १ ही पूर्ण वर्ग संख्या. म्हणजे रेघ शेवटपर्यंत धरली तर मूळ सुटतं. √(५ + √६) असतं तर २५ − ६ = १९. १९ पूर्ण वर्ग नाही, म्हणून तिथे कितीही डोकं लावा, दोन साध्या करणींची बेरीज मिळणार नाही.

आणि मूळ नुसत्या ५ वर धरलं तर √५ कुठेच उडणार नाही, शेवटपर्यंत लटकत राहील. चारही पर्यायांत करणी नाही. म्हणजे वाचन चुकलं.

टेम्सकाठी
बाई, वजा असेल तर? मुलाने √(५ − २√६) चं उत्तर √२ − √३ लिहिलं. वर्ग केला तर बरोबर येतो, तरी त्याला चूक दिली. मी शिक्षकांना ईमेल लिहायच्या बेतात आहे.

जुना_खडू
ईमेल नका पाठवू. √ हे चिन्ह फक्त धन मूळ देतं. √२ साधारण १.४१४, √३ साधारण १.७३२, म्हणजे त्याचं उत्तर ऋण आलं. मोठी करणी आधी लिहायची: √३ − √२. वर्ग दोघांचा सारखाच येतो, म्हणून वर्ग करून पडताळलं की ही चूक सापडत नाही.

टेम्सकाठी
बरं झालं विचारलं. मसुदा पुसला. 🙈

सव्वादोन
मी आपला अंदाजाने पडताळा घेतला. पहिलं पद १.७३२ + १.४१४ = ३.१४६, दुसरं ०.३१८. बेरीज ३.४६४. १/√३ साधारण ०.५७७. गुणाकार दोनला जेमतेम कमी. म्हणजे २ पक्के.

पण पुढे अंदाज कामाचा नाही. रेघ ६ वर धरली तर उत्तर २ − ३/२ = ०.५. दोन्हींवर धरली तर ६/११, म्हणजे ०.५४५ च्या आसपास. दोन्ही पर्यायात आहेत. आधी मला वाटलं होतं की नीट सुटेल ते वाचन खरं. इथे दोन्ही नीट सुटतात.

भाजीभाकरी
आणि उत्तरसूचीत ब. अजून काय पाहिजे?

जुना_खडू
थांबा. पर्याय वाचा ना. पेपर काढणारा चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही, पोरं कुठे घसरतील ते आधी करून बघतो. मीही तेच करायचे.

(क) १४/२५ कुठून आलं? ०.१६ वर रेघच नाही असं धरा. ०.१६ × ९ = १.४४, आणि २ − १.४४ = ०.५६, म्हणजे १४/२५. हा पर्याय रेघ न दिसलेल्यांसाठी.

आता (ड) १०७/५४. ऋण घातांक विसरणाऱ्याला ९ ऐवजी १/९ मिळेल. १/६ × १/९ = १/५४, आणि २ − १/५४ = १०७/५४. बरोबर बसलं. म्हणजे हा पर्याय काढताना पेपर काढणाऱ्याच्या हातात १/६ होता. त्याच्या मनात १६/९९ असते तर हीच चूक १६/९९ × १/९ = १६/८९१ देते, आणि पर्याय १७६६/८९१ असा काहीतरी भयानक झाला असता.

म्हणून माझ्या मते रेघ नुसत्या ६ वर. उत्तर (अ) १/२. ६/११ हा रेघ लांब वाचणाऱ्यांसाठी लावलेला सापळा.

रात्रपाळी
😲 बाई, हे भारीच!

सव्वादोन
मान गए. पर्यायांवरून रेघ शोधली.

भाजीभाकरी
युक्तिवाद छान आहे, पण परीक्षेत उत्तरसूचीप्रमाणे गुण मिळतात. आणि (ड) मध्ये पेपर काढणाऱ्याने एकाच वेळी दोन चुका घातल्या असतील तर? रेघ नुसत्या ६ वर वाचली, शिवाय ऋण चिन्ह विसरलं. तसं असेल तर मूळ रेघ दोन्हींवर असू शकते आणि १०७/५४ तरीही निघतं.

जुना_खडू
निघतं, नाही म्हणता येणार नाही. एका पर्यायात दोन चुका मी तरी कधी घातल्या नाहीत, कारण दोन्ही एकदम करणारी पोरं फार थोडी. पण हा माझा अनुभव झाला, पुरावा नव्हे. तुमचा मुद्दा मान्य.

झिलई
एक विचारू का? उत्तरसूची ज्याने बनवली त्याने मूळ पेपर बघून बनवली की झेरॉक्स बघून? आमच्याकडे चौथ्या-पाचव्या झेरॉक्सला १ च्या डोक्यावरचा डाग आणि शेजारची रेघ एक होऊन जातात. गणितातलं मला कळत नाही, पण शाई कशी पसरते ते कळतं.

सव्वादोन
शेठ, आज तुम्ही सगळ्यांना मागे टाकलंत.

रात्रपाळी
रूममेटला फोन लावला. त्याच्याकडेही झेरॉक्सच आहे. मूळ छापील पेपर क्लासच्या ऑफिसात, आणि उत्तरसूची दुसऱ्या बॅचच्या एका पोराने ग्रुपवर टाकलेली, क्लासची नाही. त्याने गावाहून दिवसाउजेडी नवा फोटो पाठवलाय, खाली जोडतो. झिलईकाका, बाजूच्या उजेडात काढायला सांगितला होता.

भाजीभाकरी
नवा फोटो बघितला. १ आणि रेघ यांच्यात अगदी बारीक पांढरी फट दिसते, हे कबूल करतो. पण १ च्या डोक्यावर अजूनही काहीतरी आहेच.

जुना_खडू
मलाही फट दिसते. डाग आहे की रेघेचा तुटलेला तुकडा, ते या फोटोवरून मी सांगू शकत नाही.

रात्रपाळी, सोमवारी ऑफिसात जाऊन मूळ कागद बघून या. आणि पुढच्या वेळी असा अंक वहीत उतरवून घेताना रेघ काढण्याऐवजी ०.१६६६… किंवा ०.१६१६… असं लांबच लिहा. मग फोटो कसाही येवो.

रात्रपाळी
जातो बाई. सोमवारी माझी दुपारची पाळी आहे, सकाळी वेळ मिळेल. तोवर (अ) वर पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.

भाजीभाकरी
मी (ब) वर पेनाने केली आहे. 😤